गृहकर्जात जादा रक्कम भरताना: हप्ता कमी करायचा की मुदत?

‘पैसापाणी’च्या आजच्या भागात आपण गृहकर्जाबद्दल बोलणार आहोत. इथल्या घराच्या कर्जाबद्दल नाही, तर पुण्यात, ठाण्यात, नाशिकला किंवा कोल्हापूरला घेतलेल्या फ्लॅटच्या कर्जाबद्दल, ज्याचा हप्ता दर महिन्याला आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून जातो. बोनस मिळाला, एखादी ठेव मुदत भरून हातात आली किंवा गावाकडची जमीन विकून वाटणीचे पैसे आले, की ती रक्कम कर्जात भरून टाकावी असं अनेकांच्या मनात येतं. ते ठरलं की बँक एक छोटासा प्रश्न विचारते: हप्ता कमी करायचा, की मुदत? बरेच जण या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात देऊन मोकळे होतात. काही ठिकाणी बँक विचारतही नाही, स्वतःच ठरवते. पण या एका उत्तरावर पुढची दहा-पंधरा वर्षं अवलंबून असतात, म्हणून आज ते नीट उलगडून बघू. कागद-पेन जवळ असेल तर बरं, पण नसलं तरी चालेल, आकडे थोडेच आहेत.

एक उदाहरण घेऊ. आखातात नोकरी करणारं एक कुटुंब आहे असं समजा. त्यांनी पुण्यातल्या फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज घेतलं, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्के बदलत्या व्याजदराने. हप्ता बसला ४३ हजार ३९१ रुपये. व्याजाचा दर मधल्या काळात वर-खाली होत असतो, पण हिशोब समजावा म्हणून आपण तो साडेआठच धरू.

पाच वर्षं झाली. ६० हप्ते गेले, म्हणजे जवळजवळ २६ लाख रुपये भरले. कर्ज किती उरलं असेल? ४४ लाख ६ हजार. २६ लाख भरून मुद्दल सहा लाखांनीसुद्धा कमी झालेलं नाही. यात बँकेची काही लबाडी नाही. दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर आधी व्याज काढलं जातं, आणि हप्त्यातून व्याज गेल्यावर जे राहील तेवढंच मुद्दलात जमा होतं. आत्ता, पाच वर्षांनंतर, महिन्याचं व्याज ३१ हजार २१२ रुपये आहे. म्हणजे ४३ हजारांच्या हप्त्यातले फक्त १२ हजार १७९ रुपये मुद्दल फेडतात. हा ३१ हजार २१२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्याला उपयोगी पडणार आहे.

आता या कुटुंबाच्या हातात दहा लाख आले आणि त्यांनी ते कर्जात भरले. कर्ज उरलं ३४ लाख ६ हजार. पंधरा वर्षं, म्हणजे १८० हप्ते, अजून बाकी आहेत. इथून दोन वाटा फुटतात.

पहिली वाट, हप्ता तोच ठेवायचा आणि मुदत कमी करायची. ४३ हजार ३९१ चा हप्ता चालू राहिला तर कर्ज ११५ हप्ते आणि शेवटी एक किरकोळ रक्कम इतक्यात संपतं. म्हणजे पंधरा वर्षांऐवजी साडेनऊ वर्षांच्या थोडं पुढे. या काळात व्याज जाईल सुमारे १५ लाख ८६ हजार.

दुसरी वाट, मुदत पंधरा वर्षंच ठेवायची आणि हप्ता कमी करायचा. नवा हप्ता येतो ३३ हजार ५४४ रुपये, म्हणजे महिन्याला ९ हजार ८४७ रुपये मोकळे होतात. पण पंधरा वर्षांत व्याज जाईल सुमारे २६ लाख ३२ हजार.

आणि दहा लाख भरलेच नसते तर? उरलेल्या पंधरा वर्षांत ३४ लाख ४ हजार व्याज गेलं असतं. म्हणजे दोन्ही वाटांनी फायदा आहेच. पण मुदत कमी केली तर हप्ता कमी करण्यापेक्षा साडेदहा लाखांच्या आसपास जास्त वाचतात.

इथे आल्यावर बहुतेक लोक हिशोब थांबवतात आणि म्हणतात, झालं, मुदतच कमी करायची. बँकेच्या संकेतस्थळावरचं गणकयंत्रही हेच दाखवतं. पण हे साडेदहा लाख नेमके कुठून आले, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दहा लाख भरल्यानंतरच्या पहिल्याच महिन्याचं व्याज बघा. ३४ लाख ६ हजारांवर साडेआठ टक्क्यांनी महिन्याचं व्याज होतं २४ हजार १२८ रुपये. मुदत कमी केली असो की हप्ता, व्याज दोन्हीकडे तेवढंच, एका पैशाचाही फरक नाही. फरक पडतो तो हप्त्याच्या उरलेल्या भागात. पहिल्या वाटेने त्या महिन्यात १९ हजार २६३ रुपये मुद्दलात जातात, दुसऱ्या वाटेने फक्त ९ हजार ४१६. म्हणजे मुदत कमी करणाऱ्याला बँकेने काही सवलत दिलेली नाही. तो दर महिन्याला ९ हजार ८४७ रुपये जास्त भरतोय, म्हणून त्याचं कर्ज लवकर संपतंय. इतकी साधी गोष्ट आहे.

मग खरा प्रश्न असा होतो: हप्ता कमी केला तर ते ९ हजार ८४७ रुपये दर महिन्याला जातात कुठे?

ते घरखर्चात विरघळले, तर साडेदहा लाखांचा फरक पूर्ण तुमच्या अंगावर येतो. पण तीच रक्कम दर महिन्याला कर्जातच जादा भरली, तर कर्ज त्याच ११५ हप्त्यांत संपतं आणि व्याजही तेवढंच जातं. कागदावर हप्ता ३३ हजार, प्रत्यक्षात भरणा ४३ हजार. बँकेच्या व्याजाच्या हिशोबाला तुमची वाट कोणती हे कळत नाही, त्याला फक्त उरलेलं मुद्दल कळतं.

तिसरी शक्यता, ते पैसे बाजूला ठेवले. समजा एनआरई आवर्ती ठेवीत दर महिन्याला ९ हजार ८४७ टाकले आणि साडेसहा टक्के व्याज मिळालं. ११५ महिन्यांनी ठेवीत सुमारे १५ लाख ६६ हजार जमतील. त्या दिवशी कर्ज उरलेलं असेल १७ लाख ४२ हजार. ठेव मोडून कर्ज फेडायचं ठरवलं तर खिशातून आणखी पावणेदोन लाखांच्या थोडे वर घालावे लागतील. म्हणजे साडेदहा लाखांचा वाटणारा फरक, पैसे शिस्तीने बाजूला टाकणाऱ्यासाठी साडेनऊ वर्षांनी पावणेदोन लाखांवर येतो. आणि त्या बदल्यात त्याला काय मिळतं? एवढी वर्षं हाताशी असलेली रोख रक्कम. बँकेत भरलेलं मुद्दल परत मागता येत नाही, ठेव मात्र मोडता येते.

इथे एक गोष्ट देशागणिक बदलते. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असतं, आणि आखाती देशांत नोकरदाराच्या अशा व्याजावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे साडेसहा टक्के पूर्ण हातात येतात. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहत असाल तर ते व्याज साधारणपणे तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि कर गेल्यावर हातात कमी राहतं. त्यांच्यासाठी ठेवीपेक्षा जादा भरणा आणखी सरस ठरतो. उलट पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला असेल, तर भारतात भाड्याच्या उत्पन्नातून गृहकर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, म्हणून कर्ज प्रत्यक्षात साडेआठ टक्क्यांपेक्षा थोडं स्वस्त पडतं. तुलना करताना दोन्ही बाजूंचे करानंतरचे आकडे घ्या.

आता प्रश्न येतो जोखमीचा. आखातातल्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. तिथे राहण्याचा परवाना बहुतेकांचा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की थोड्याच काळात दुसरी शोधावी लागते, नाहीतर सामान बांधून परत यावं लागतं. परत आल्यावर पगार रुपयांत, आणि बहुधा कमी. अशा वेळी हप्ता ४३ हजार असणं आणि ३३ हजार असणं यात मोठं अंतर आहे. हप्ते चुकायला लागले की दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो. बँक पुढची पावलं उचलते ती वेगळीच.

म्हणून हा निर्णय घेताना मी एकच प्रश्न सगळ्यात आधी ठेवेन: यातली कोणती वाट नंतर बदलता येते?

हप्ता कमी करून ठेवला आणि पुढे परिस्थिती चांगली राहिली, तर जादा पैसे भरून मुदत कधीही कमी करता येते. त्यासाठी कोणाची विनवणी करावी लागत नाही. बदलत्या व्याजदराचं, व्यक्तीच्या नावावरचं गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँकांनी दंड घेऊ नये, असा आदेश रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच दिलेला आहे. उलट, मुदत कमी केली आणि दोन वर्षांनी नोकरी गेली, तर हप्ता पुन्हा कमी करून द्या अशी विनंती बँकेला करावी लागते. ती मान्य करायची की नाही, हे बँकेच्या हातात असतं. नवी कागदपत्रं मागतील, उत्पन्नाचा पुरावा मागतील, आणि नेमका तो पुरावा देण्यासारखी तुमची स्थिती त्या वेळी नसेल. एक दार दोन्ही बाजूंनी उघडतं, दुसरं एकाच बाजूने.

यातून माझं मत असं बनतं. ज्याची मिळकत पक्की आहे, सहा महिने ते वर्षभराचा खर्च आणि हप्ते वेगळे ठेवलेले आहेत, आणि ज्याला मोकळे झालेले पैसे खर्च होतील अशी स्वतःबद्दलच खात्री आहे, त्याने मुदत कमी करावी. त्याला सक्तीची शिस्त मिळते आणि निर्णयाचा विचार दर महिन्याला करावा लागत नाही. ज्याची नोकरी करारावर आहे, घरात एकच कमावतं माणूस आहे किंवा तीन-चार वर्षांत कायमचं परतायचा विचार आहे, त्याने हप्ता कमी करून घ्यावा, आणि फरकाची रक्कम स्वतः होऊन भरत राहावी. पहिल्यांदा ती ठेवीत जमू द्यावी, वर्षभराच्या हप्त्यांइतकी गंगाजळी झाली की मग कर्जात टाकायला सुरुवात करावी. काही बँका नि गृहवित्त संस्था एका वेळी किमान एक-दोन हप्त्यांइतकी तरी रक्कम भरा असं सांगतात. तसं असेल तर दर महिन्याऐवजी तीन किंवा सहा महिन्यांनी एकदम भरा, हिशोबात फार फरक पडत नाही.

वयाचाही विचार करा. आज पंचेचाळिशीत असाल तर पंधरा वर्षांची मुदत साठीला संपते. पन्नाशीत असाल तर ती पासष्टीपर्यंत जाते, आणि परदेशातली नोकरी तोपर्यंत असेलच असं नाही. अशांनी हप्ता कमी करून घेतला तरी फरक भरत राहणं चुकवू नये.

रुपयाचं काय, असा प्रश्न काही जण विचारतील. तुमची मिळकत दिरहमात, आणि दिरहम डॉलरला बांधलेला. रुपया घसरला की तोच हप्ता दिरहमात कमी पडतो, म्हणून कर्ज सावकाश फेडावं, असा एक युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे, पण तो तुम्ही बाहेर कमावत आहात तोपर्यंतच लागू पडतो. भारतात परतल्या दिवसापासून मिळकतही रुपयात आणि कर्जही रुपयात. रुपयाच्या अंदाजावर हप्ता ठरवू नका. हां, पैसे पाठवायचा दिवस निवडताना दर जरूर बघा.

आता प्रत्यक्ष कृती. गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

पैसे पाठवण्याआधी बँकेकडून त्या दिवशीचं उरलेलं मुद्दल, चालू व्याजदर आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या लेखी मागवा. हे महत्त्वाचं आहे, कारण मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली होती. तुम्हाला वाटत असतील १८० हप्ते, आणि नोंदीत असतील त्याहून बरेच जास्त. तसं असेल तर आधी ती वाढलेली मुदत पूर्ववत करून घ्या. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना सांगितलं आहे. आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज भरलं, किती हप्ते उरले, याचं विवरण दर तिमाहीला देणंही त्याच आदेशात आहे. ते मिळत नसेल तर मागा.

पैसे एनआरई, एनआरओ खात्यातून किंवा परदेशातून थेट बँकेमार्फत पाठवा. भारतातल्या जवळच्या नातेवाइकाने त्याच्या खात्यातून भरलेलंही चालतं. परदेशातून आलेल्या रकमेची पावती मात्र जपून ठेवा. पुढे घर विकून पैसे बाहेर न्यायची वेळ आली, तर कर्ज कोणत्या पैशातून फेडलं याचा पुरावा बँक मागते.

मग पत्र किंवा ईमेल. त्यात चार गोष्टी स्पष्ट लिहा: कर्ज खात्याचा क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख, ही रक्कम मुद्दलात जमा करावी, आणि हप्ता कमी करावा की मुदत. तिसरी गोष्ट गाळू नका. नुसतेच पैसे कर्ज खात्यात पाठवले तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहतात, आणि मुद्दल कमी होत नाही. चौथी गोष्ट लिहिली नाही, तर बँक स्वतःच्या पद्धतीप्रमाणे करते, आणि ती बहुधा मुदत कमी करण्याची असते. भारतात तुमचं मुखत्यारपत्र ज्याच्याकडे आहे त्या भावाने किंवा बहिणीने शाखेत जाऊन पत्राची पोच घेतली तर उत्तम.

हप्ता कमी करून घेतला असेल, तर खात्यातून आपोआप रक्कम कापण्याची सूचनाही बदलली का, ते बघा. बदल महिन्याच्या हप्त्याच्या अगदी तोंडावर केला तर एखादा जुना हप्ता पूर्ण कापला जाऊ शकतो. त्या वेळी खात्यात पुरेसे पैसे ठेवा, हप्ता परत गेला तर दंड बसतो.

आणि शेवटी पडताळणी, जिच्यासाठी तो ३१ हजार २१२ चा आकडा लक्षात ठेवायला सांगितला होता. पैसे भरल्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचं विवरण काढा आणि त्यातलं व्याज बघा. दहा लाख मुद्दलात गेले असतील तर ते २४ हजारांच्या घरात असेल. अजूनही ३१ हजार दिसत असेल तर रक्कम मुद्दलात गेलेली नाही, लगेच बँकेला कळवा. तुमच्या कर्जासाठी हाच हिशोब असा करा: उरलेलं मुद्दल गुणिले व्याजदर, भागिले बारा. दिवसांच्या हिशोबामुळे महिन्याला थोडाफार फरक येईल, पण हजारोंचा येणार नाही. व्याज बरोबर निघालं की मग दुसरी ओळ बघा, हप्त्यांची उरलेली संख्या. मुदत कमी करायला सांगितलं असेल तर ती घटलेली दिसली पाहिजे. हप्ता कमी करायला सांगितलं असेल तर संख्या तीच, आणि हप्ता नवा.

शेवटी एक सूचना. हे सगळं बदलत्या व्याजदराच्या कर्जाला लागू आहे. तुमचं कर्ज स्थिर दराचं असेल, किंवा पहिली काही वर्षं स्थिर आणि नंतर बदलतं असं असेल, तर आधी करारपत्रात मुदतपूर्व भरण्याचं शुल्क शोधा. ते असेल तर वाचणाऱ्या व्याजातून वजा करा, आणि मगच पैसे पाठवा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या कर्जाचं ताजं विवरण या आठवड्यात काढून बघा, आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या तुम्हाला वाटत होती तेवढीच आहे का, ते तपासा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.